थायरॉइड आणि पाळी: जास्त जाणं, कमी जाणं, तारीख पुढेमागे होणं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

"माझा थायरॉइड वाढलाय" म्हणजे नक्की काय झालंय?

सुरुवात इथूनच करते, कारण निम्मा गोंधळ या एका वाक्यात आहे. ओपीडीत दहा जणी "थायरॉइड वाढलाय" म्हणत येतात, आणि त्यातल्या बहुतेकींचा थायरॉइड प्रत्यक्षात कमी झालेला असतो. वाढलेला असतो तो रिपोर्टवरचा टीएसएच.

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत बनत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून येतो, आणि त्याचं काम थायरॉइडला हाकणं एवढंच. थायरॉइड आळसावली की पिट्युटरी जास्त ओरडते आणि टीएसएच वर जातो. थायरॉइड उधळली की पिट्युटरी गप्प बसते आणि टीएसएच जवळपास शून्यावर येतो. म्हणजे टीएसएच २० असेल तर थायरॉइड कमी चालतंय, आणि ०.०१ असेल तर जास्त. बहुतेक लॅबमध्ये साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ हा आकडा ठीक धरतात. पुढे मी "कमी" आणि "जास्त" म्हणेन ते ग्रंथीच्या कामाबद्दल, टीएसएचच्या आकड्याबद्दल नाही.

पाळी बिघडली हे कसं ओळखायचं? मला तर महिन्यातून दोनदा येते.

आधी मोजणी सरळ करू. पाळीचं चक्र मोजायचं ते रक्तस्राव सुरू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पुष्कळ बायका पाळी थांबल्यापासून मोजतात, आणि मग २८ दिवसांचं उत्तम चक्र त्यांना २३ दिवसांचं वाटतं. "महिन्यातून दोनदा" ही तक्रारही अनेकदा कॅलेंडरची असते. १ तारखेला आली आणि २९ला पुन्हा आली, तर एका महिन्यात दोनदा आली हे खरंच, पण त्यात बिघाड काही नाही.

२४ ते ३८ दिवसांच्या अंतराने येणारी आणि आठ दिवसांच्या आत थांबणारी पाळी नेहमीची धरतात. अख्ख्या पाळीत मिळून जाणारं रक्त साधारण ३० ते ४० मिलि असतं, म्हणजे पोहे खायचे चार-पाच चमचे भरून. ८०च्या वर गेलं तर ते जास्त. घरी कुणी मिलि मोजत नाही, म्हणून मी वेगळे प्रश्न विचारते. दीड-दोन तासांत पॅड बदलावा लागतो का? एकावर एक असे दोन पॅड लावता का? रात्री बदलायला उठावं लागतं का? दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या गुठळ्या पडतात का? यातल्या एकालाही "हो" असेल तर "आमच्याकडे सगळ्यांचं असंच असतं" हे उत्तर मी मान्य करत नाही. थायरॉइडही घराण्यातच चालत येतो, तेव्हा "सगळ्यांचं असंच" यातच कधी कधी निदान लपलेलं असतं.

थायरॉइड कमी असताना अंगावरून जास्त का जातं?

दोन वाटांनी.

पहिली वाट बीजाची. दर महिन्याला गर्भाशयाच्या आतलं अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढतं. मग बीजकोशातून बीज बाहेर पडतं, आणि ते पडलं तरच प्रोजेस्टेरॉन पुरेसं तयार होतं. अस्तराला आवर घालून ठेवायचं आणि दिवस भरले की ते एकदम, नीट गळून पडेल अशी तयारी करायची, हे काम प्रोजेस्टेरॉनचं. थायरॉइड कमी झालं की मेंदू टीएसएच वाढवण्यासाठी जो वरचा संदेश पाठवतो, त्याच संदेशाने प्रोलॅक्टिनही थोडं वाढतं. प्रोलॅक्टिन म्हणजे बाळाला पाजताना दूध आणणारं हार्मोन. ते वाढलं की बीजकोशाकडे जाणारे हुकूम मंदावतात, आणि एखाद्या महिन्यात बीज सुटतच नाही.

बीज नाही म्हणजे प्रोजेस्टेरॉन नाही, आणि इस्ट्रोजेनचं काम मात्र चालूच. भिंतीवर गिलाव्यावर गिलावा चढत जावा तसं अस्तर जाड होत जातं. कधीतरी ते स्वतःच्याच ओझ्याने सुटायला लागतं, तेही सलग नाही, पोपडे पडल्यासारखं, आज इथलं तर उद्या तिथलं. म्हणून आधी पाळी लांबते, ४०-४५ दिवस वाट बघायला लावते, आणि आली की आठ-दहा दिवस हटत नाही.

दुसरी वाट रक्त गोठण्याची, आणि हिच्याकडे डॉक्टरांचंही कमी लक्ष जातं. रक्त गोठवणारे काही घटक, मुख्यतः वॉन विलेब्रँड घटक आणि त्याच्या जोडीचा आठवा घटक, थायरॉइड फार कमी झालं की उतरतात. अशा बाईला बीज वेळेवर सुटूनही पाळी जास्त जाऊ शकते. बरोबरीने दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं, जरा कुठे आपटलं की निळं पडतं. थायरॉइड ठीक झालं की हे घटक आपोआप पूर्ववत होतात, त्याला वेगळं औषध लागत नाही. पण टीएसएच खूप चढलेला असताना दात काढायचा किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर त्या डॉक्टरांच्या कानावर हे घालायलाच हवं.

म्हणजे "कमी थायरॉइड, जास्त रक्त" हे समीकरण पक्कं?

नाही. जुन्या पुस्तकांत ते तसं छापलेलं असायचं, कारण त्या काळी रोग फार बळावल्यावरच निदान व्हायचं. ग्रीसमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली थायरॉइड कमी असलेल्या १७१ बायकांची पाळी तपासून प्रसिद्ध केली. त्यांत जेमतेम २३ टक्के बायकांची पाळी बिघडलेली होती, आणि बिघाडात सर्वांत जास्त आढळलं ते पाळी लांबणं. जास्त रक्तस्राव त्याच्या मागे होता. म्हणजे चारांतल्या तिघींची पाळी थायरॉइड कमी असूनही घड्याळासारखी चालली होती.

यातून दोन गोष्टी कळतात. पाळी नीट आहे म्हणून थायरॉइड नीट आहे असं नाही. आणि थायरॉइड कमी सापडला म्हणून पाळीच्या प्रत्येक तक्रारीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

आणि थायरॉइड खरोखर जास्त चालत असेल तर?

तेव्हा बहुधा उलटं होतं. पाळी पाच दिवसांऐवजी दीड-दोन दिवसांत आटोपते, पॅडवर डाग पडण्यापुरतंच जातं, अंतर वाढतं, आणि कुणाची दोन-तीन महिने येतच नाही. बायका याची तक्रार क्वचित करतात. "बरंय ना, त्रास कमी" म्हणून सोडून देतात. डॉक्टरकडे येतात त्या छातीत धडधडतं, हात थरथरतात, भूक चांगली असून वजन उतरतंय, उकाडा सोसत नाही म्हणून.

कारणं इथेही एकापेक्षा जास्त आहेत. यकृत इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारं प्रथिन जास्त बनवतं, त्यामुळे रक्तातल्या हार्मोन्सचा तोल बदलतो. वजन झपाट्याने घटलं तर त्याचाही पाळीवर परिणाम होतो. आणि रक्त गोठवणारे घटक इथे वाढलेले असतात.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. पाळी कमी जाते याचा अर्थ बीज सुटत नाही असा नव्हे. थायरॉइड जास्त असलेल्या बऱ्याच जणींना बीज सुटत राहतं आणि दिवस राहू शकतात. आपल्याकडे अशांना सहसा कार्बिमाझोल देतात, आणि ते गर्भारपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत बाळाला घातक ठरू शकतं. तेव्हा हे औषध चालू असताना पाळी आठवडाभर लांबली, तर "थायरॉइडमुळेच असेल" म्हणून थांबू नका. घरी लघवीची तपासणी करा आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

असंच चित्र गोळीमुळेही उभं राहतं. थायरॉइड कमी असलेल्यांना जी थायरॉक्सिनची गोळी देतात ती गरजेपेक्षा जास्त होत असेल, किंवा वजन उतरावं म्हणून कुणी मनानेच वाढवली असेल, तर पाळी कमी जाऊ लागते आणि धडधड सुरू होते. वजनासाठी ही गोळी घेऊ नये.

एखाद्या बाईचं उदाहरण घेऊन सांगाल का?

आमच्याकडे वारंवार येणाऱ्या अशा काही जणींची हकीकत एकत्र करून सांगते. ३६ वर्षांची शिक्षिका, दोन मुलं, वजन ६२ किलो. पूर्वी पाळी २८-३० दिवसांनी यायची, चार-पाच दिवस, दिवसाला तीन पॅड. गेल्या दीड वर्षात अंतर ४० दिवसांवर गेलं, रक्तस्राव नऊ दिवसांवर, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सात पॅड. शाळेत दोन तास उभं राहून शिकवायचं म्हणजे तिच्या पोटात गोळा यायचा. गडद रंगाच्या साड्याच नेसायच्या असं तिने ठरवूनच टाकलं होतं. सोबत थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं. सगळ्यांनी सांगितलं, "रक्त कमी झालंय, बीट खा."

हिमोग्लोबिन ८.६ निघालं. टीएसएच ४८, आणि थायरॉइडविरुद्ध शरीरानेच बनवलेली प्रतिपिंडं सापडली. गरोदर नाही याची खात्री केली, सोनोग्राफीत गाठ नव्हती, अस्तर मात्र जाड होतं. थायरॉइड पार मंदावलेला असेल तर पूर्ण मात्रा साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम बसते, म्हणून ६२ किलोला १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन. जोडीला लोहाची गोळी.

आठ आठवड्यांनी टीएसएच तपासला तर २१. उतरला होता, पण अपेक्षेपेक्षा खूपच कमी. पाळी तशीच. गोळी चुकवते का विचारलं तर ती दुखावलीच. "एकही दिवस नाही हो. सकाळी चहाबरोबर दोन्ही गोळ्या एकदम घेते, म्हणजे विसरायला होत नाही."

अडचण नेमकी तीच होती. लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि रक्तात जाऊ देत नाही. चहा-कॉफीनेही गोळी कमी शोषली जाते. थायरॉइड कमी म्हणून रक्त जास्त जातं, रक्त गेलं म्हणून लोहाची गोळी, आणि लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला अडवते. त्यात लोहाची कमतरता असेल तर थायरॉइड ग्रंथीला हार्मोन बनवणंही जड जातं. हे चक्र मी इतक्यांदा पाहिलंय की हल्ली चिठ्ठीवर गोळ्यांच्या नावांपेक्षा वेळा मोठ्या अक्षरात लिहिते.

तिचं वेळापत्रक बदललं. उठल्यावर सहाला थायरॉइडची गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा पावणेसातला, लोहाची गोळी रात्री. मात्रा तीच ठेवली. पुढच्या आठ आठवड्यांत टीएसएच ३.२ वर आला. वेळापत्रक बदलल्यावरची पहिली पाळी अजून जडच गेली, दुसरी ३३ दिवसांनी आणि सहा दिवस, तिसरी ३० दिवसांनी आणि पाच दिवस. हिमोग्लोबिन तोवर ११.४ झालं होतं. लोह पुढे आणखी तीन महिने चालू ठेवलं, कारण आकडा सुधारला तरी शरीराची शिल्लक भरायला वेळ लागतो. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिलाही हाच नियम आहे, थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब.

गोळी सुरू केली. पाळी कधी सुधारेल?

थायरॉक्सिन शरीरात संथपणे जमतं. मात्रा बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून त्याआधी तपासून उपयोग नाही. पाळी त्याच्याही मागून येते, कारण जाड झालेलं अस्तर एकदा तरी पूर्ण गळून जावं लागतं. टीएसएच जागेवर आल्यापासून दोन-तीन पाळ्या बघा. तोवर जास्त जात असेल तर सोसत बसायची गरज नाही. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक आम्लाची गोळी फक्त पाळीच्या जड दिवसांत घेता येते. मात्र पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल तर ती चालत नाही, म्हणून मैत्रिणीच्या पाकिटातून काढून घेऊ नका.

टीएसएच तीन महिने व्यवस्थित आहे आणि पाळी जराही सुधारली नाही, तर दुसरं कारण शोधायला हवं.

दुसरं म्हणजे काय काय असू शकतं?

गर्भाशयातली फायब्रॉइडची गाठ, अस्तराला फुटलेला कोंब म्हणजे पॉलिप, अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं म्हणजे ॲडिनोमायोसिस, तांबी. पंचेचाळिशीनंतर, किंवा वजन खूप असून पाळी वर्षानुवर्षं लांबत असेल तर त्याआधीही, अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि त्यात थायरॉइडचा रिपोर्ट मध्ये आणून चालढकल करू नये. पीसीओएसमध्येही पाळी लांबते, पण तो शिक्का मारण्याआधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासणं हा नियमच आहे. थायरॉइड बराच काळ कमी राहिला तर सोनोग्राफीत बीजकोश मोठे, फोडाफोडांचे दिसू शकतात आणि रिपोर्ट वाचून पोरगी उगाच घाबरते.

माझा टीएसएच ६ आहे, बाकी नॉर्मल. पाळी जास्त जाते ती यानेच?

बहुधा नाही. टीएसएच १०च्या खाली आणि टी४, म्हणजे खुद्द थायरॉइडचं हार्मोन, नॉर्मल असेल, तर त्याला मी सौम्य म्हणते. एवढ्या फरकाने पाळी एवढी बिघडत असेल यावर माझा सहज विश्वास बसत नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर काहींचा तो आपोआप खाली आलेला असतो. मूल हवं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा गोळीचा विचार लवकर करतो. नाहीतर आधी सोनोग्राफी करा. आकडा हाताशी आहे म्हणून सगळं त्याच्या गळ्यात घालण्याचा मोह पेशंटला होतो तसा डॉक्टरलाही होतो.

गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. आता खूप जातंय. थायरॉइड बिघडला का?

त्या गोळ्या म्हणजे नॉरएथिस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉनच्या घराण्यातलं औषध. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, आणि ती नेहमीपेक्षा जड असू शकते. ती एक पाळी हिशेबात धरू नका. थायरॉइडचा पाळीवर काय परिणाम होतोय ते बघायचं असेल, तर लागोपाठ तीन पाळ्यांच्या तारखा, दिवस आणि पॅड लिहून आणा, आणि त्यांत अशी ढकललेली पाळी असेल तर शेजारी तशी खूण करा. श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीनदा पाळी ढकललेल्या बाईच्या नोंदींवरून मला काहीच कळत नाही.

बाळंतपणानंतर पाळी आली पण फार विचित्र आहे.

पाजत असाल तर ती काही महिने अनियमित असणारच. पण बाळंतपणानंतर काहींच्या थायरॉइडला सूज येते. पहिल्या चार-एक महिन्यांत साठवलेलं हार्मोन सांडून थायरॉइड जास्त दिसतो, पुढे काही महिने कमी होतो, आणि बहुतेकींचा वर्ष-दीड वर्षात जागेवर येतो. धडधड, झोप उडणं, मग एकदम सुस्ती आणि उदासपणा, हे सगळं "बाळामुळे जागरण" म्हणून खपून जातं. एक टीएसएच करून घ्या. आधीच्या बाळंतपणानंतर असं झालं असेल तर पुढच्या वेळी नक्की करा.

कधी थांबू नये?

लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजतोय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, धाप लागते, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला जोरात दुखून रक्त जातंय, तर त्याच वेळी दवाखाना गाठा, रात्र असली तरी. टीएसएचचा रिपोर्ट नंतरही येईल. कार्बिमाझोल चालू असताना ताप येऊन घसा जोरात दुखू लागला तर ती गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. याचा पाळीशी संबंध नाही, पण ती गोळी घेणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत असायला हवं.

पाळी चालू असताना थायरॉइडची तपासणी केली तर चालते का?

चालते. पाळीचा कुठलाही दिवस चालतो, उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही. त्या दिवशीची गोळी मात्र रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी थांबवा, कारण त्यांनी काही मशीनवर टीएसएच खोटाच कमी दिसतो. आणि पाळीचे चार दिवस थायरॉइडची गोळी बंद ठेवायची असते, असं कुणी सांगितलं असेल तर ते चूक आहे. ती रोज घ्यायची.